व्यक्तिचित्रात चष्मा बसविणे

चष्मा न घालता काढलेल्या वा रंगवलेल्या चेहऱ्यावर नंतर चष्मा अशा रीतीने चितारणे, की काचेवरची चमक, नाकावर टेकणाऱ्या नोजपॅडची सावली आणि दांड्यांचा कल चित्रातल्या प्रकाशाशी व चेहऱ्याच्या ठेवणीशी जुळावा. आज हे काम मुख्यतः छायाचित्रांच्या रिटचिंगमध्ये होते.

या प्रथेचे सर्वांत जुने उदाहरण म्हणून बहुधा इटलीतील त्रेविझो येथील भित्तिचित्राकडे बोट दाखवता येईल. तोम्माझो दा मोदेना याने १३५२ मध्ये कार्डिनल ह्यू ऑफ सेंट-शेर याला चष्मा लावून वाचताना रंगवले. ह्यूचा मृत्यू १२६३ चा. चष्म्याचा शोध मात्र साधारणतः १२८६ च्या सुमाराचा धरतात. हे साल जोर्दानो दा पिसा या धर्मोपदेशकाच्या १३०६ मधील प्रवचनावरून काढलेले आहे. चष्मे बनवण्याची कला सापडून अजून वीस वर्षे झालेली नाहीत, असे तो त्यात म्हणतो. फ्लॉरेन्सच्या साल्व्हिनो देल्यी आर्माती याला शोधाचे श्रेय देणारी परंपरा सतराव्या शतकातील असून ती आता ग्राह्य धरली जात नाही. प्रवचनाचा पुरावा समकालीन असल्याने तोच अधिक विश्वसनीय वाटतो. म्हणजे ह्यूच्या नाकावरचा चष्मा चित्रकाराने आपल्या पदरचा घातलेला आहे. त्याला दांड्या नाहीत. दांड्यांचा चष्मा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आला. लंडनच्या एडवर्ड स्कार्लेटच्या सुमारे १७३० च्या जाहिरात-पत्रकावर तो दिसतो. त्यामुळे त्याआधीच्या काळातील व्यक्तीला कानामागे दांड्या जाणारा चष्मा लावणे हा कालविपर्यास ठरतो.

तंत्राच्या बाजूने सर्वाधिक चुका चमकेच्या जागेत होतात. काच समोरून फुगीर असते आणि बहिर्गोल आरशासारखी वागते. तिच्या पृष्ठभागाची लंबरेषा जिथे कॅमेरा आणि दिवा यांच्यामधला कोन बरोबर दुभागते, तिथेच चमक पडते. एक उदाहरण घेऊ. चेहरा कॅमेऱ्यासमोर सरळ आहे. सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ प्रकाश देणारा पडदेदार दिवा, डोळ्यांच्या उंचीवर, चित्राच्या डाव्या बाजूला २० अंशांवर आहे. बुबुळाचा रंगीत भाग प्रौढांमध्ये जवळपास सारखाच, सुमारे १२ मिमी असतो. चित्रात तो ६० पिक्सेल भरला, तर १ मिमी म्हणजे ५ पिक्सेल. काच ५२ मिमी रुंद आणि तिच्या वक्रतेची त्रिज्या ८८ मिमी धरू.

चमकेसाठी लंबरेषा १० अंश डावीकडे हवी. पण फ्रेमची बाहेरची टोके किंचित मागे वळलेली असल्याने प्रत्येक काच सुमारे ५ अंश बाहेर पाहते. म्हणून डाव्या काचेवर चमक मध्यापासून ८ मिमी, म्हणजे ४० पिक्सेल डावीकडे येते. उजव्या काचेवर ती २३ मिमी, म्हणजे ११५ पिक्सेल डावीकडे, नाकाजवळच्या कडेला जाते आणि तिचा काही भाग फ्रेमखाली कापला जातो. काच खाली गालाकडे साधारण ८ अंश कललेली असते, त्यामुळे दोन्ही चमका मध्याच्या सुमारे १२ मिमी वर बसतात. एक काच रंगवून तीच उलटवून दुसऱ्या डोळ्यावर ठेवली, की चमका समोरासमोर येतात आणि चित्र खोटे असल्याचे तिथेच कळते. दिवा ६० अंशांवर असेल, तर दोन्ही काचांवर त्याची चमक मुळीच पडत नाही. तरी अनेक जण सवयीने तिरपा पांढरा पट्टा ओढतात. चमक कमी करणारे कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. म्हणून चमक रिटचिंगच्या सॉफ्टवेअरमधील खालचा थर उजळवणाऱ्या ‘स्क्रीन’ मोडमध्ये, मागचा डोळा दिसेल इतकी पारदर्शक ठेवावी. कोटिंग असेल, तर ती अगदी फिकट, बहुधा हिरवट दिसते.

सावल्यांचे गणित अंतराचे आहे. फ्रेम त्वचेपासून सुमारे १३ मिमी दूर असेल, तर वरच्या उदाहरणातल्या दिव्याने तिची सावली जवळजवळ ५ मिमी उजवीकडे सरकते आणि कडा मऊ होतात. नोजपॅड त्वचेला टेकलेला असतो, म्हणून त्याची सावली अरुंद, गडद आणि पॅडला चिकटलेली असते. दिव्यापलीकडच्या बाजूला ती ठळक दिसते, दिव्याकडच्या बाजूला नावापुरती. तिचा रंग काळा न ठेवता त्वचेचाच गडद, तांबूस छटा घ्यावी. ही सावली चुकली, की चष्मा नाकावर टेकल्यासारखा न दिसता हवेत तरंगतो.

दांड्या बिजागरीपासून कानाच्या वरच्या टोकाकडे जातात. समोरून त्या फारच आखूड दिसतात आणि केसांखाली शिरतात, त्यामुळे केसांच्या बटा वेगळ्या थरावर घ्याव्या लागतात. मान वर-खाली झुकलेली असेल, तर कान फ्रेमच्या पातळीवर राहत नाही. दांडीचा कल कानावरूनच ठरवावा.

उणे नंबराच्या काचेत आणखी एक गोष्ट पाळावी लागते. -४ नंबराला डोळा सुमारे ५ टक्के लहान दिसतो आणि काचेतून दिसणारी चेहऱ्याची कड अडीच-तीन मिमी आत सरकते. जाड काच दाखवून ही कड अखंड ठेवली, तर ती काच बिननंबरी वाटते.