गोल चट्टा: फोटोत काय दिसतं आणि काय दिसत नाही

नागपुरात पारा पंचेचाळिशीला टेकतो, कूलरची दमट हवा घरभर फिरते, घामाने भिजलेले कपडे दिवसभर अंगाला चिकटून राहतात आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चट्ट्यांचे फोटो येऊ लागतात. त्यात सगळ्यात जास्त दिसतो तो गोल चट्टा: कडेला लालसर, थोडी उंच रिंग आणि मध्ये बऱ्यापैकी साफ कातडी. फोटो पडला की मिनिटाभरात कोणीतरी लिहितं, "गजकर्ण हाय, दुसरं काय! मेडिकलातून ट्यूब आणा अन् लावा."

हा अंदाज बरेचदा बरोबर निघतो. गोल कड्याचा, खाजणारा चट्टा आपल्या हवामानात बहुतेक वेळा गजकर्णाचाच असतो, आणि तो असा गोल का होतो हे समजण्यासारखं आहे. गजकर्णाची बुरशी केराटिन या प्रथिनावर जगते. हे प्रथिन त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरात भरपूर असतं. बुरशी एका जागी रुजते आणि ताज्या केराटिनच्या शोधात चहूबाजूंनी सारख्याच वेगाने पसरते. तोवर मागे, मधल्या भागात, शरीराची प्रतिकारशक्ती जागी होऊन तिला हटवते. वणव्यासारखंच हे: आग कडेला, आणि आत विझलेलं रान. म्हणून खाज, लाली, बारीक कोंडा आणि पुटकुळ्या कडेवर असतात, तर मधला भाग शांत दिसतो.

पण गोल आकार ही काही एकट्या गजकर्णाची खूण नाही. त्वचेत एका जागी सुरू होऊन बाहेर पसरणारी कुठलीही प्रक्रिया रिंग काढू शकते. नाण्याएवढा एक्झिमा गोल असतो, पण त्याचा मधला भाग सहसा साफ नसतो. सगळा चट्टा ओलसर किंवा खपलीदार असतो. सोरायसिसवर जाड, चंदेरी पापुद्रे येतात. पिटिरायसिस रोझियात आधी छातीपोटावर किंवा पाठीवर एकच मोठा चट्टा उठतो, आठवडा-दोन आठवड्यांनी त्याच्याभोवती लहान लहान चट्टे येतात आणि बहुतेकांचा त्रास दीड-दोन महिन्यांत आपोआप ओसरतो. या यादीत आणखी एक नाव आहे. विदर्भात तरी ते विसरून चालत नाही. ते म्हणजे कुष्ठरोग.

दत्तपूरचं कुष्ठधाम आणि वरोऱ्याचं आनंदवन, दोन्ही नागपूरपासून काही तासांच्या अंतरावर. त्यामुळे इथल्या लोकांना हा आजार ठाऊक आहे, पण झडलेल्या बोटांच्या रूपात. तो सुरू होतो बऱ्याचदा एका साध्या चट्ट्याने, हे मात्र फारसं ठाऊक नसतं. डिसेंबर 2005 मध्ये देशाने कुष्ठरोगाच्या निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठलं. त्याचा अर्थ दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच होता. नवे रुग्ण आजही सापडतात, आणि पूर्व विदर्भात ते वर्षानुवर्षं सापडत आले आहेत.

आता एक प्रसंग कल्पून पाहू. अडतीस वर्षांची एक बाई नागपूरच्या नंदनवन भागात मेस चालवते. उजव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला, कोपराच्या थोडं खाली, तिला गोल चट्टा आहे, साधारण सहा सेंटिमीटरचा. फोटोत रिंग स्वच्छ दिसते. ग्रुपवर सगळ्यांचं एकमत होतं. ती दुकानातून ट्यूब आणून लावते, लाली थोडी उतरते, महिन्याभराने पुन्हा येते. असं करता करता आठ महिने निघून जातात.

फोटोवरून कळली ती रिंग. फोनवर नीट विचारलं असतं तर आणखी एक गोष्ट कळली असती: चट्ट्याला खाज नाही. उन्हाळ्यात, घामेजलेल्या हातावर, आठ महिने टिकलेलं गजकर्ण खाजतच नाही, हे विचित्र आहे. इथेच शंका यायला हवी होती.

बाकीचं सगळं हात लावल्याशिवाय कळत नाही. डॉक्टर आधी चट्टा तिरप्या उजेडात पाहतात. आजूबाजूची कातडी घामाने ओलसर, पण चट्टा कोरडा. त्यावरची लव विरळ झालेली. मग ते तिला डोळे मिटायला सांगतात आणि कापसाच्या बारीक टोकाने हातावर इथे-तिथे स्पर्श करतात. जिथे स्पर्श कळेल तिथे तिने बोट ठेवायचं. चांगल्या कातडीवर तिचं बोट बरोबर पडतं. चट्ट्यावर स्पर्श झाला तरी बोट हलत नाही. गरम आणि गार पाण्याच्या परीक्षानळ्या लावून पाहतात, तो फरकही तिला तिथे सांगता येत नाही. पोळ्या करताना त्याच भागावर तव्याचा चटका बसला होता आणि तो तिला फोड आल्यावर दिसला, हे तेव्हा कुठे तिच्या तोंडून निघतं. तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर डॉक्टरांची बोटं कोपराच्या आतल्या बाजूच्या खोबणीत जातात. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारी शीर, म्हणजे मज्जातंतू, तिथून जाते. डाव्या हाताची मऊ आणि बारीक लागते, उजव्या हाताची जाड दोरीसारखी, आणि दाबली की दुखते. शेवटी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात एक कागद धरायला देऊन तो ओढून पाहतात. उजव्या हातातून तो सहज सुटतो.

संवेदना गेलेला चट्टा आणि जाड झालेली शीर या कुष्ठरोगाच्या मुख्य खुणांपैकी दोन खुणा. तिसरी खूण म्हणजे त्वचेला बारीक छेद देऊन घेतलेल्या नमुन्यात जंतू दिसणं. पण मोजके चट्टे असलेल्या रुग्णात जंतू इतके थोडे असतात की हा नमुना बऱ्याचदा कोरा येतो, म्हणून कोऱ्या अहवालाने आजार नाकारता येत नाही. गरज पडली तर चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासतात. बधिरता येण्याचं कारण या जंतूच्या आवडीनिवडीत आहे. नॉर्वेच्या हान्सेन यांनी 1873 मध्ये शोधलेला हा जंतू शरीराच्या थंड भागांत रमतो आणि शिरांच्या आवरणातल्या पेशींत घर करतो. प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते तेव्हा शीरही त्यात सापडते. हे सगळं इतकं संथ चालतं की संसर्ग झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही.

कापसाच्या परीक्षेलाही मर्यादा आहेत, म्हणून ती घरी करून निर्धास्त होऊ नये. चेहऱ्यावर शिरांचं जाळं दाट असल्यामुळे तिथल्या चट्ट्यात संवेदना बऱ्यापैकी शाबूत राहू शकते. लहान मुलं कंटाळून काहीही उत्तर देतात. शिवाय स्पर्श कळतो पण गरम-गार कळत नाही, असाही एक टप्पा असतो.

उपचार सोपा आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण भीतीपोटीच लोक लपवतात. 1981 पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली बहुविध औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. चट्टे आणि बाधित शिरा किती आहेत त्यावरून कोर्स सहा किंवा बारा महिन्यांचा असतो, आणि औषध सुरू झालं की थोड्याच काळात रुग्णापासून संसर्गाचा धोका उरत नाही. मेस बंद करायची गरज नाही. घरातल्या माणसांची तपासणी मात्र करावी लागते. दुखरी, सुजलेली शीर वाचवायला डॉक्टर काही आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्याही देतात. ते उशिरा झालं तर जंतू मरतो, पण करंगळी वाकडी ती वाकडीच राहते.

गजकर्ण असलं तरी फोटो फसवतो, आणि त्याला बहुतेकदा तीच ट्यूब कारणीभूत असते. दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक मलमांत बुरशीवरच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन यांसारखं कडक स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते दोन-तीन दिवसांत खाज थांबवतं, म्हणून ट्यूब गुणाची वाटते. खरं तर ते त्या जागची प्रतिकारशक्ती झोपवतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. मग रिंग तुटते, कधी एका रिंगेत दुसरी रिंग उमटते, कडेचा कोंडा जातो, जांघेत पांढरट चरे पडतात. असा चट्टा फोटोत गजकर्णासारखा दिसतच नाही. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. तो काउंटरवर किती पाळला जातो, हे वाचकांनीच आठवून पाहावं. त्यातच ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी देशभर पसरली आहे आणि तिच्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध नीट चालत नाही.

इथे डॉक्टर चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने थोडा कोंडा खरवडतात. मधून नाही, कारण बुरशी कडेला असते. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली उघडे पडतात. काही मिनिटांचं काम आहे. नुकतंच बुरशीचं औषध लावलेलं असेल तर धागे सापडत नाहीत, म्हणून जे काही लावलं असेल ती ट्यूब सोबत न्यावी आणि ती केव्हा लावली ते सांगावं. नागपुरातलं मेडिकल कॉलेज, मेयो रुग्णालय किंवा मिहानचं एम्स, तिन्ही ठिकाणी त्वचारोग विभाग आहेत.

फोटो निरुपयोगी आहे असं मात्र मुळीच नाही. काढायचा तर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढावा, कारण सावळ्या कातडीवर लाली तपकिरी किंवा जांभळट दिसते आणि फ्लॅशमध्ये ती पार पुसली जाते. एक फोटो जवळून, एक लांबून, म्हणजे चट्टा शरीरावर कुठे आहे ते कळेल.

आणि एका आजारात तर फोटो डॉक्टरांच्या डोळ्यांपेक्षा कामाचा ठरतो. अंगावर पित्त उठतं, तेव्हा फुगलेल्या गांधीही कधी गोल रिंगा काढतात, पण दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अंग कोरं होतं. अशा वेळी एका गांधीभोवती पेनाने रेघ ओढावी, वेळ लिहून फोटो काढावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा काढावा. पित्ताची गांधी चोवीस तासांच्या आत त्या जागेवरून जाते आणि मागे काही ठेवत नाही. ती रेघेच्या आत तशीच राहिली, खाजेपेक्षा दुखत जास्त असेल किंवा जाताना निळसर डाग ठेवून गेली, तर डॉक्टर बारीक रक्तवाहिन्यांच्या सुजेचा विचार करतात आणि त्याच जागेचा तुकडा तपासायला पाठवतात.