बॉस-फेजची पुनरावृत्ती

व्हिडिओ गेममधल्या बॉसची हेल्थ ठरावीक आकड्याखाली गेली की लढतीची पुढची फेज सुरू होते. हेल्थ त्या आकड्याच्या आसपास वरखाली होत राहिली आणि हा बदल एकाच लढतीत अनेकदा घडला, तर त्या दोषाला फेजची पुनरावृत्ती म्हणतात. बॉस तीच डरकाळी पुन्हा फोडतो, संगीत पहिल्यापासून वाजू लागते, आणि दुसऱ्या फेजचे चार साथीदार आठ, मग बारा होतात.

समजा, बॉसची हेल्थ १००० आहे आणि फेज ५०० वर बदलते. खेळाडूच्या विषामुळे दर सेकंदाला १० हेल्थ जाते आणि बॉस स्वतः दर सेकंदाला १० भरून काढतो. हेल्थ ५०४ वर असताना विष लागले की ती ४९४ होते, भरली की पुन्हा ५०४. कोड फक्त ‘आधी ५०० च्या वर होती, आता नाही’ एवढेच पाहत असेल, तर खेळाडू ढाल धरून नुसता उभा राहिला तरी दर सेकंदाला फेज बदलते. चाचणीत हे बहुधा निसटते, कारण तपासणारा बॉसला भराभर मारतो आणि हेल्थ ५०० पाशी रेंगाळतच नाही.

असाच दिसणारा पण वेगळा दोष म्हणजे दर फ्रेमला `health <= 500` तपासून प्रत्येक वेळी फेज सुरू करणे. दोन्हींतला फरक लॉगमध्ये कळतो. नोंदी साधारण १६ मिलिसेकंदांच्या अंतराने पडत असतील (६० फ्रेमचा गेम), तर चूक फ्रेमवारी तपासणीत आहे. अंतर हेल्थ भरण्याच्या ठोक्याशी जुळत असेल, तर हेल्थ सीमेवर घुटमळते आहे.

फेज एकाच दिशेने जाणार असेल, तर चालू फेज लक्षात ठेवणे पुरते आणि त्यामुळे दोन्ही दोष जातात:

```csharp
if (phase == 1 && health <= 500) {
    phase = 2;
    StartPhaseTwo();
}
```

ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे. `StartPhaseTwo()` मध्येच बॉसला इजा होऊन हीच तपासणी पुन्हा चालली आणि `phase` अजून १ असला, तर बदल दुबार होतो. खेळाडू मरून लढत नव्याने सुरू झाली की `phase` परत १ करावा लागतो. हे राहून गेले तर उलट तक्रार येते, दुसरी फेज येतच नाही.

हेल्थ भरल्यावर बॉस पहिल्या फेजमध्ये परतावा अशी रचना असेल, तर एक सीमा पुरत नाही. ५०० वर उतरताना दुसरी फेज आणि ६०० वर चढताना पहिली, अशा दोन सीमा ठेवतात. ही युक्ती इलेक्ट्रॉनिक्समधली, ओटो श्मिट यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ट्रिगर सर्किटची. वरच्या उदाहरणात १० च्या हेलकाव्याला १०० चे अंतर भरपूर आहे. पण तोच बॉस एका घोटात १५० हेल्थ देणारे औषध पीत असेल, तर ४९४ वरून थेट ६४४ वर पोचतो आणि दोन्ही सीमा एका झटक्यात ओलांडतो. तिथे अंतर वाढवावे, किंवा फेज बदलल्यावर काही सेकंद परतीला बंदी घालावी. केवळ बदलाच्या अ‍ॅनिमेशनपुरते बॉसला अभेद्य करणे हा लोकप्रिय उपाय मात्र कच्चा आहे: तेवढ्या वेळात हेल्थ भरत राहते आणि अ‍ॅनिमेशन संपताच तीच सीमा पुन्हा ओलांडली जाते.