वाफ्यावरचं पांघरूण आणि तिसऱ्या दिवसाचा हिशेब

"आच्छादन घाला आणि निम्मं पाणी वाचवा." भाजीपाल्याबद्दल कुठेही बोलणं निघालं की हे वाक्य येतंच. ते खोटं नाही. पण ते ऐकलं की मला एकच विचारावंसं वाटतं: मोजलं कोणत्या दिवशी? पाणी दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी मोजलं, तर निम्म्याहून जास्त बचत दिसेल. दहाव्या दिवशी मोजलं, तर त्याच वाफ्यात ती जवळजवळ दिसणारच नाही. दोन्ही मोजमापं खरी असतील.

हे कसं, ते समजायला आधी उघडी माती कशी वाळते ते पाहू. मातीच्या कणांमधल्या फटी बारीक, त्यामुळे केशाकर्षणाने पाणी खालून वर चढत राहतं. फट जितकी बारीक तितकं पाणी उंच चढतं. फटीची त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग असेल, तर पाणी सिद्धांताने दीड मीटर चढू शकतं. त्रिज्या एक मिलिमीटर झाली की जेमतेम दीड सेंटिमीटर. वरचा थर ओला आहे तोवर ही पुरवठ्याची साखळी अखंड असते आणि ऊन-वारा मागेल तेवढं पाणी माती देत जाते. हा पहिला टप्पा. मध्यम पोताच्या मातीत तो साधारण 8 ते 10 मिलिमीटर पाणी उडेपर्यंत टिकतो. मग पृष्ठभाग कोरडा पडतो, साखळी तुटते आणि दुसरा टप्पा सुरू होतो. आता ऊन कितीही तापू दे, खालून जेवढं पाणी वर येईल तेवढंच उडणार. हा वेग दिवसागणिक मंदावतो. या टप्प्यातलं एकूण बाष्पीभवन दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे वाळलेली माती स्वतःच स्वतःचं आच्छादन होते. "दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी" असं जुने शेतकरी म्हणतात, त्यामागचं एक कारण हेच: कोळपं वरच्या थरातली ही साखळी मोडतं.

पेंढ्याचं आच्छादन तेच काम पहिल्या दिवसापासून करतं. काड्यांमधल्या फटी काही मिलिमीटरच्या, त्यांतून पाणी द्रवरूपात वर चढूच शकत नाही. त्याला तळाशीच वाफ व्हावं लागतं आणि मग स्थिर हवेतून रेणू-रेणू करत वर यावं लागतं. याला विसरण म्हणतात आणि ते फार संथ असतं. साधं गणित करून पाहू. तापमान 30 अंश सेल्सिअस, वरच्या हवेत निम्मी आर्द्रता आणि 5 सेंटिमीटर जाडीच्या थरात हवा अगदी निश्चल. वाफेला काड्यांना वळसे घालत यावं लागतं हेही धरलं, तर अशा थरातून दिवसाला 0.4 मिलिमीटरच्या आसपासच पाणी सुटेल. उघड्या ओल्या वाफ्यातून त्याच हवेत 5 मिलिमीटर जाईल असं धरू. आता जाडी दुप्पट, म्हणजे 10 सेंटिमीटर केली, तर 0.4 चे 0.2 होतील. पहिल्या 5 सेंटिमीटरनी 4.6 मिलिमीटर वाचवले, पुढच्या 5 नी फक्त 0.2! ढिगावर ढीग रचणाऱ्यांना हा हिशेब दाखवावासा वाटतो.

अर्थात खऱ्या पेंढ्यात हवा निश्चल नसते. वारा काड्यांमध्ये शिरतो, मधूनमधून माती उघडी राहते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची 1998 ची सिंचनावरची 56 क्रमांकाची पुस्तिका म्हणूनच जपून बोलते: सेंद्रिय आच्छादनाने जमीन जेवढ्या टक्के झाकली, त्याच्या निम्म्या टक्क्यांनी मातीतलं बाष्पीभवन कमी धरा. पूर्ण झाकली तर निम्मं. तेव्हा जाडीचं खरं काम फटी बुजवण्याचं आहे. पेंढा 7-8 सेंटिमीटर पसरावा, तो दबून 5 वर येतो. लाकडाचे तुकडे जाडसर असतील तर वारा आत शिरतो, त्यांत थोडा बारीक माल मिसळलेला बरा. उलट निव्वळ बारीक भुसा किंवा चाळलेलं खत ओल्या मातीला चिकटून बसलं, तर त्याच्याच बारीक फटी वातीसारखं पाणी वर ओढतात. हिरवं कापलेलं गवत एकदम जाड घातलं तर त्याची चिकट चटई होते. 2-3 सेंटिमीटरचे थर वाळू देत द्यावेत. प्लॅस्टिकच्या कागदातून वाफ फक्त रोपांच्या भोकांतून निसटते.

कागदाखाली सकाळी थेंब दिसतात, ते पाहून "आच्छादन हवेतलं पाणी ओढून आणतं" असं सांगणारे भेटतात. ते मातीचंच पाणी आहे, वाफ होऊन निघालेलं आणि थंड कागदाला अडलेलं. नवं पाणी एक थेंबही नाही.

आता तिसऱ्या दिवसाकडे येऊ. उघडा वाफा पहिले दोन दिवस रोज 5 मिलिमीटर गमावतो, मग दुसऱ्या टप्प्यात जातो. तिसऱ्या दिवसाअखेर त्याचे साधारण 13.5 मिलिमीटर गेलेले असतात. झाकलेला वाफा रोज 2 मिलिमीटर गमावतो असं धरलं, तर तो 6 वर असतो. बचत 7.5, म्हणजे 55 टक्के. पण झाकलेल्या वाफ्याचा पहिला टप्पा अजून संपलेलाच नाही. तो सावकाश, पण न थांबता पाणी सोडत राहतो. दहाव्या दिवशी उघडा 20 वर आणि झाकलेला 18 च्या आसपास. बचत उरली 2 मिलिमीटर! आच्छादन उशीर घडवून आणतं, आणि तेवढ्या उशिरात मुळांनी पाणी उचललं तरच ती बचत. दर तीन-चार दिवसांनी पाणी मिळणाऱ्या भाजीच्या वाफ्यात हे जमतं.

हे स्वतः मोजता येतं. प्लॅस्टिकच्या पाइपाचे 15 सेंटिमीटर आतल्या व्यासाचे आणि तेवढ्याच लांबीचे दोन तुकडे घ्या. पाणी दिल्यावर दुसऱ्या सकाळी ते वाफ्यात सरळ दाबा, मातीसकट उचला, तळ घट्ट बंद करा आणि बाहेरून पुसून वजन करा. मग त्याच खड्ड्यांत जमिनीच्या पातळीला पुन्हा बसवा. एक उघडा ठेवा. दुसऱ्यावर जाळीचा तुकडा आणि त्यावर पेंढा. पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ 177 चौरस सेंटिमीटर, म्हणून 17.7 ग्रॅम घट म्हणजे 1 मिलिमीटर पाणी. पाइप चार-पाच किलो भरतो, तेव्हा ग्रॅमपर्यंत दाखवणारा 10 किलोचा काटा हवा. रोज सकाळी त्याच वेळी वजन करा, पण पेंढा जाळीसकट उचलून बाजूला ठेवून. नाहीतर रात्रीचं दव मातीच्या खात्यात जमा होतं. समजा, एका दिवसात उघडा पाइप 84 ग्रॅम घटला आणि झाकलेला 37. म्हणजे 4.7 आणि 2.1 मिलिमीटर. चौरस मीटरवर 1 मिलिमीटर म्हणजे 1 लिटर, तेव्हा 4 चौरस मीटरच्या वाफ्यात त्या दिवशी सुमारे 10 लिटर वाचले.

तळ बंद असल्याने पाइपाला खालच्या मातीतलं पाणी मिळत नाही, म्हणून दर दोन दिवसांनी ताज्या जागेवरून माती घ्यायची. शिवाय पाइपात मुळं नसतात, त्यामुळे पानांतून जाणारं पाणी इथे मोजलंच जात नाही. टोमॅटोची पानं वाफाभर पसरली की मातीवर ऊनच कमी पोचतं, मग आच्छादनाला वाचवायलाही थोडंच उरतं.

आणि झारीने वरून हलकं शिंपत असाल तर आधी पेंढा उचलून पाहा. तो स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी शोषतो. चौरस मीटरवर एक किलो पेंढा असेल तर पहिले 2-3 मिलिमीटर त्यातच मुरतात आणि दुपारपर्यंत उडून जातात. वर सगळं ओलं दिसतं, खाली बोट घातलं तर माती कोरडी. पाणी थोडंच द्यायचं असेल तर नळी पेंढ्याच्या खालून घ्यावी.