‘९५ टक्के’ दिसणे आणि चाचणी पूर्ण होणे

प्रॉडक्ट पेजवर दोन मथळ्यांची स्प्लिट टेस्ट लावली की तीन-चार दिवसांत डॅशबोर्डवर हिरव्या रंगात ‘ब पुढे, ९८ टक्के’ असे दिसू शकते. दोन आठवड्यांनी, टेस्ट ठरल्याप्रमाणे संपल्यावरही अगदी असाच हिरवा आकडा येऊ शकतो. दोन्ही वेळी सूत्र तेच, पण पहिल्या आकड्यावर निर्णय घेणे आणि दुसऱ्यावर घेणे यांत फार फरक आहे. बहुतेक फसलेल्या टेस्टांचे मूळ या दोघांना एक समजण्यात असते.

एक उदाहरण धरून चालू. ऑनलाइन दुकानात बिडाचा तवा विकायला आहे. मथळा अ : ‘बिडाचा तवा, १० इंची’. मथळा ब : ‘तेल मुरवलेला बिडाचा तवा, पहिल्याच दिवशी घावन चिकटत नाही’. किंमत, फोटो, खालचा मजकूर सगळे तसेच. पेजवर रोज २,००० नवे लोक येतात आणि आजवर शंभरातले ३ जण ऑर्डर देत आले आहेत. निम्म्यांना अ, निम्म्यांना ब दाखवायचा, आणि ज्याला जो दिसला त्याला पुढच्या भेटीतही तोच दिसला पाहिजे. हे सहसा कुकीवर चालते. इथे एक खाचखळगा आहे: पेजवरच्या जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी सफारी सात दिवसांत पुसून टाकतो. त्यामुळे आठवड्याने परतलेला आयफोनवाला नवा माणूस समजला जातो आणि त्याला दुसराच मथळा दिसू शकतो. कुकी सर्व्हरकडून ठेवली तर हा त्रास बराच टळतो.

आता चौथ्या दिवसाचे आकडे पाहा. अ पाहिलेले ४,०००, त्यातून ११२ ऑर्डरी. ब पाहिलेले ४,०००, त्यातून १४८. म्हणजे २.८ टक्के विरुद्ध ३.७ टक्के. यातून पी-व्हॅल्यू साधारण ०.०२३ निघते, आणि डॅशबोर्ड तिला एकातून वजा करून ‘९८ टक्के’ म्हणतो. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या, म्हणजे ५ टक्क्यांच्या मर्यादेखाली गेली की हा आकडा ९५ च्या वर जातो आणि हिरवा होतो. ऐकणाऱ्याला वाटते, ब चांगला असण्याची शक्यता ९८ टक्के. तसे ते नाही. अर्थ एवढाच की दोन्ही मथळे खरोखर सारखेच असते, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक १०० पैकी साधारण २ वेळा दिसला असता. आणि हे विधानही एका अटीवर खरे आहे: आकडे एकदाच, आधी ठरवलेल्या वेळी पाहिलेले हवेत.

ती अट चौथ्या दिवशी मोडलेली असते, कारण पाहणाऱ्याने पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही पाहिलेले असते. तेव्हा हिरवे दिसले नाही म्हणून टेस्ट चालू राहिली, चौथ्या दिवशी दिसले म्हणून थांबवली. म्हणजे योगायोगाला एक नव्हे, चार संधी मिळाल्या. याचा हिशेब औषधांच्या चाचण्यांच्या संदर्भात फार पूर्वी झाला आहे. संख्याशास्त्रज्ञ पीटर आर्मिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवले की ५ टक्क्यांची मर्यादा ठेवून दोनदा तपासले तर खोटा विजेता मिळण्याचा धोका ८ टक्क्यांवर जातो, पाच वेळा तपासले तर १४ वर, दहा वेळा तपासले तर १९ वर आणि वीस वेळा तपासले तर जवळपास २५ वर. म्हणजे दोन-तीन आठवडे रोज सकाळी डॅशबोर्ड उघडून ‘हिरवे झाले की थांबू’ असे धोरण ठेवले, तर दोन अगदी सारख्या मथळ्यांतूनही चार-पाच टेस्टांमागे एकदा विजेता ‘सापडेल’. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भांड्यातला भात सारखा शिजलेला असतो. इथे मात्र आपण मनासारखे शीत हाती लागेपर्यंत झाकण काढत राहतो.

लवकर थांबण्याचा दुसरा तोटा कमी लोकांच्या लक्षात येतो. मथळा खरोखर चांगला असला तरी त्याचा फायदा फुगून दिसतो. प्रत्येकी ४,००० लोकांवर ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडायला दोन दरांत साधारण ०.७८ अंशांचा फरक लागतो, म्हणजे ३ टक्क्यांवरून ३.७८ टक्के, अर्थात सव्वीस टक्के वाढ. त्याहून लहान वाढ त्या दिवशी हिरवी दिसूच शकत नाही. तेव्हा खरी वाढ १० टक्के असेल आणि चौथ्या दिवशी हिरवे दिसले असेल, तर दिसलेला आकडा किमान अडीच पट फुगलेला आहे हे नक्की. मग महिन्याअखेरीस विक्री तेवढी का वाढली नाही याची शोधाशोध सुरू होते.

आता दुसरी बाजू. टेस्ट ‘पूर्ण’ होते ती सुरू करण्याआधी ठरवलेल्या संख्येला. ती संख्या दोन गोष्टींवर ठरते: सध्याचा दर, आणि किमान किती फरक पकडायचा आहे. ढोबळ सूत्र असे:

```
n = 16 × p × (1 − p) ÷ d²
```

n म्हणजे प्रत्येक मथळ्यामागे लागणारे लोक, p म्हणजे सध्याचा दर, d म्हणजे पकडायचा फरक. यात धरलेले असते की खोट्या विजेत्याचा धोका ५ टक्के असावा आणि तेवढा फरक खरोखर असल्यास तो १०० पैकी ८० वेळा सापडावा. आपल्या तव्यासाठी ३ टक्क्यांवरून ३.६ टक्के, म्हणजे २० टक्के वाढ पकडायची ठरवली. p = ०.०३, d = ०.००६. उत्तर येते साधारण १२,९००. दर वाढला की चढउतारही थोडा वाढतो आणि तो या सूत्रात धरलेला नाही. तो धरला की आकडा १३,९०० च्या आसपास जातो. म्हणून प्रत्येकी १४,००० धरू. रोज हजार-हजार लोक, म्हणजे बरोबर दोन आठवडे. योगायोगाने पूर्ण आठवडे आले हे चांगलेच. दहा दिवस आले असते तरी चौदाच चालवावेत, कारण मंगळवारी दुपारी ऑफिसातून तवा पाहणारा आणि रविवारी घरी बसून पाहणारा यांची खरेदी वेगळी असते. मध्येच दिवाळीचा सेल येत असेल तर टेस्ट त्याच्या आधी संपवावी किंवा नंतर सुरू करावी.

d चा वर्ग आहे हे विसरू नये. १० टक्केच वाढ पकडायची म्हटली, तर फरक निम्मा होतो आणि लोक चौपट लागतात: प्रत्येकी सुमारे ५२,०००. म्हणजे याच पेजवर ५२ दिवस. रोज २०० लोक येणाऱ्या दुकानाला २० टक्के वाढ पकडायलाही १४० दिवस लागतील. अशा दुकानाने मथळ्यांची टेस्ट ऑर्डरींवर करू नये हे स्पष्ट सांगायला हवे. ‘कार्टमध्ये टाकले’ हे मोजता येईल. तो दर ९ टक्के असेल तर २० टक्के वाढीसाठी प्रत्येकी साधारण ४,००० ते ४,५०० लोक पुरतात. फक्त मग निष्कर्षही कार्टपुरताच. घावनाच्या आश्वासनावर कार्टमध्ये टाकणारे लोक पैसे भरताना मागे फिरतात की नाही, हे त्यातून कळत नाही.

चौदाव्या दिवशी आपल्या तव्याचे आकडे असे आले समजा: अ मध्ये १४,००० पैकी ४२७ ऑर्डरी, ब मध्ये १४,००० पैकी ४५६.

```python
from statsmodels.stats.proportion import proportions_ztest
proportions_ztest([456, 427], [14000, 14000])
```

पी-व्हॅल्यू येते सुमारे ०.३२. चौथ्या दिवशीची ३६ ऑर्डरींची आघाडी वाढली तर नाहीच, उलट २९ वर आली. पुढच्या दहा दिवसांत अ ने ३१५ आणि ब ने ३०८ ऑर्डरी आणल्या. ब चे काही बिघडले नाही. पहिल्या चार दिवसांत जे दिसले त्यात योगायोगाचा वाटा मोठा होता, एवढेच. इथे उलट चूकही होते: ‘दोन्ही मथळे सारखेच निघाले’. तसेही सिद्ध झालेले नाही. फरकाची ९५ टक्क्यांची कक्षा, म्हणजे या आकड्यांशी जुळणारे खरे फरक ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा, काढली तर ती ०.२ अंश तोट्यापासून ०.६ अंश फायद्यापर्यंत जाते. मोठा तोटा नाही एवढे यातून म्हणता येते. बाकी निर्णय चवीचा. याउलट ब ला ४९७ आणि अ ला ४२० ऑर्डरी असत्या तर पी-व्हॅल्यू ०.०१ च्या आसपास आली असती, कक्षा ०.१३ ते ०.९७ अंश. तेव्हा ब लावावा, पण अपेक्षा त्या कक्षेच्या खालच्या टोकाशी ठेवावी.

मात्र ऑर्डरी मोजण्याआधी माणसे मोजावीत. निम्मे-निम्मे वाटायला सांगितले होते, तर तसे वाटले गेले का? दोन गटांतल्या फरकाला एकूण संख्येच्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर ३ च्या वर गेले तर वाटपातच गडबड आहे. १४,००० आणि १३,८५० असतील तर १५० भागिले १६७, म्हणजे ०.९, काळजी नाही. १४,००० आणि १३,४०० असतील तर ६०० भागिले १६५.५, म्हणजे ३.६, आणि मग पी-व्हॅल्यू कितीही सुंदर असली तरी निकाल टाकून द्यायचा. कारण बहुधा साधे असते: ब साठी वेगळ्या वेब-पत्त्यावर पाठवले जाते, त्या एका उडीत मंद नेटवर्कवरचे लोक गळतात, आणि उरलेले वेगवान फोनवाले ब चा दर वाढवून दाखवतात. हरवलेल्या लोकांना नंतर अंदाजाने भरून काढू नये. बिघाड दुरुस्त करून टेस्ट पहिल्यापासून चालवावी.

आणि मध्ये एकदा पाहणे खरोखर गरजेचे असेल, म्हणजे नवा मथळा विक्री पाडतोय का अशी भीती असेल, तर? पाहावे, पण किती वेळा ते आधी ठरवून आणि मर्यादा कडक करून. संख्याशास्त्रज्ञ पोकॉक यांच्या १९७७ च्या पद्धतीप्रमाणे निम्म्यावर एकदा आणि शेवटी एकदा पाहायचे असेल तर दोन्ही वेळा ०.०५ ऐवजी ०.०२९४ ही मर्यादा ठेवतात आणि एकूण लोक साधारण ११ टक्के जास्त धरतात. आपल्या तव्यासाठी म्हणजे प्रत्येकी १५,५०० च्या आसपास, आणि पहिली नजर ७,७५० वर. चौथ्या दिवसाची ०.०२३ ही पी-व्हॅल्यू त्या मर्यादेच्या आत बसते खरी, पण पाहायची वेळ आठव्या दिवसाची होती. चार दिवस आधी पाहिलेली नजर या हिशेबात धरलेलीच नाही.