चेंगराचेंगरी वेगळी, पळापळ वेगळी

यात्रेत माणसं गेली की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते, अफवा पसरली, भाविक सैरावैरा पळू लागले आणि चेंगराचेंगरी झाली. हिंदीत तर याला भगदडच म्हणतात, म्हणजे शब्दातच पळणं आलं. आपल्या शब्दात पळणं कुठेच नाहीये, चेंगरणं आहे, सगळीकडून दाब येऊन मधला माणूस चेपला जाणं. इतका नेमका शब्द आपल्याकडे आहे तरी आपण तो पळापळीच्या अर्थाने वापरतो. मी बरीच वर्षं आमच्या भागातल्या यात्रेच्या नियोजनाच्या बैठकांना बसतोय, आणि हा घोळ तिथेही तसाच असतो. तो नुसता शब्दांचा असता तर सोडून दिला असता, पण आजार चुकीचा ओळखला की पोलीस चुकीच्या जागी उभे राहतात, म्हणून हे लिहितोय.

पळापळ काय असते ते सगळ्यांना माहितीये. बैल उधळला, सिलिंडर पेटला, कोणीतरी ओरडलं, लोक एका गोष्टीपासून लांब पळतात. पण पळायला मोकळी जागा लागते ना. दोन माणसांच्या मध्ये एक पाऊल टाकण्याइतकं अंतर असलं तरच माणूस धावू शकतो. पळापळीत लोक पडतात, पाय मुरगळतात, कोणी तुडवलंही जातं, पण बहुतेक जण सुटतात, कारण जागा असते.

चेंगराचेंगरीत नेमकं उलटं आहे, तिथे कोणी पळतच नसतं. एका चौरस मीटरमध्ये दोन माणसं असली तर आरामात चालता येतं. चार झाली की खांद्याला खांदा लागतो आणि चाल मंदावते, पाचला पुढचा सरकल्याशिवाय आपल्याला सरकता येत नाही, आणि सहा-सातच्या पुढे गर्दी माणसांची राहतच नाही, ती पाण्यासारखी वागायला लागते. मागे कोणी जरासं रेटलं की तो धक्का माणसामाणसातून पुढे जातो, मधल्या कोणाच्या हातात काही नसतं, पाय जमिनीवरून सुटतात आणि माणूस दोन-चार हात लांब वाहत जातो. अशा दाबाने लोखंडी रेलिंग वाकलेली आहेत. आणि मृत्यू बहुतेक वेळा तुडवल्याने नाही तर श्वास कोंडून होतो, बरगड्या फुगायलाच जागा राहत नाही म्हणून. माणूस उभ्या उभ्या जातो आणि बाजूच्याला कळतही नाही. प्रत्यक्षात पुष्कळदा काहीच "घडलेलं" नसतं, ना अफवा ना आग, फक्त आत येणारे जास्त आणि बाहेर पडणारे कमी, असं वीस मिनिटं चाललेलं असतं.

मांढरदेवीचं उदाहरण घ्या. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा, वाई तालुक्यातला काळुबाईचा डोंगर. वर जायची वाट चढाची आणि अरुंद, दोन्ही बाजूंनी दुकानं, त्यात फुटलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या. काही माणसं घसरून पडली, मागच्यांना ते दिसायचं कारणच नव्हतं, ते चढत राहिले. नंतर दुकानांना आगी लागल्या. सुमारे ३०० माणसं गेली. आता यात पळापळ शोधायची तर आगीनंतरची सापडेल, पण तोपर्यंत वाट आधीच दाटलेली होती. घसरणं हे निमित्त. मोकळ्या वाटेवर दहा जण घसरले तर दहा जणांचे गुडघे फुटतात, बस.

एल्फिन्स्टनचा पूल यात्रेतला नाही पण सांगतो, कारण तिथे अफवेची गोष्ट फारच चिकटलीये. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस, बाहेर पाऊस, लोक जिन्यातच थांबलेले आणि लोकलमधून नवे उतरतायत. फुलं पडली म्हणून कोणी ओरडलं आणि ते पूल पडला असं ऐकू गेलं, असं सांगतात. समजा गेलंही ऐकू. पण जिना रिकामा असता तर ते ऐकून लोक खाली उतरून गेले असते. २३ माणसं गेली ती जिना तुंबला होता म्हणून.

आता हे यात्रेच्या कागदावर कसं उतरतं ते एक उदाहरण मांडून बघू. समजा गडावरचं देऊळ आहे, वर जायच्या पायऱ्या ३ मीटर रुंद, फक्त चढायला, उतरायची वाट वेगळी. ब्रिटनमध्ये स्टेडियमसाठी जो आकडा धरतात त्यानुसार जिन्याच्या एका मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ६६ माणसं जातात, म्हणजे इथे २०० च्या आसपास. पण आपल्याकडे म्हातारी माणसं, कडेवर पोरं, डोक्यावर परडी, म्हणून मी निम्मं धरतो, मिनिटाला १००. वर गाभाऱ्यात एकेकाला दोन सेकंद दिले तरी मिनिटाला ३० माणसं बाहेर पडतात. राहिली ७० कुठे जाणार? देवळासमोरच्या पटांगणात. ते २० बाय १५ मीटरचं, म्हणजे ३०० चौरस मीटर, मीटरला चारच्या हिशोबाने १२०० माणसं. सतरा मिनिटांत भरलं. आणि हा चांगला दिवस. आरतीसाठी दर्शन वीस मिनिटं बंद ठेवलं तर बाराव्या मिनिटाला पटांगण भरतं आणि उरलेल्या आठ मिनिटांत आणखी ८०० माणसं येतात, ती सगळी पायऱ्यांवर, उतारावर, एकमेकांच्या अंगावर.

बघा, यात एकूण किती लाख आले हा आकडा कुठेच लागला नाही. बैठकीत मात्र पहिला प्रश्न तोच असतो, यंदा किती लाख येतील. लाखांचा आकडा एसटी किती सोडायच्या, पाणी किती आणि डॉक्टर किती यासाठी लागतो, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण माणूस चेंगरतो तो लाखांमुळे नाही, एका बोळात मिनिटाला किती शिरले आणि किती निघाले यामुळे. याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते, मिनिटाला ३० म्हणजे वीस तास दर्शन चालू ठेवलं तरी ३६ हजार. येणारे लाख असतील तर सगळ्यांना पायावर डोकं ठेवता येणारच नाही, हे आधीच कबूल करून मुखदर्शनाची वेगळी वाट काढावी लागते. पंढरपूरला पदस्पर्श आणि मुखदर्शन या दोन वेगळ्या रांगा आहेत त्या याचसाठी, आणि लहान देवस्थानांनी हे उचलावं असं माझं ठाम मत आहे.

मग पोलीस कुठे उभे करायचे? पळापळीची भीती असेल तर माणूस आपोआप देवळाच्या दारात बंदोबस्त लावतो, शिट्ट्या, दोर, आणि माईकवर सारखं शांतता राखा, अफवांवर विश्वास ठेवू नका, ढकलाढकली करू नका. माझा सगळ्यात जास्त संताप या अनाउन्समेंटवर होतो. पुढे चेपलेला माणूस शांतच असतो, त्याला हात वर करता येत नाही तर तो काय ढकलणार. आणि जो मागून रेटतोय त्याला ते ऐकूच येत नाही, स्पीकर सगळे देवळापाशी. त्याला वाटतं रांग सरकली. म्हणून काम मागे करायचं असतं, पायथ्याशी, जिथे अजून मीटरला दोनच माणसं आहेत आणि थांबवलं तर लोक निवांत बसतात, पाणी पितात. तिथे मोकळी जागा ठेवायची, तिथे स्पीकर लावायचा, आणि तिथेच वर काय चाललंय ते खरंखरं सांगायचं, आरती चालू आहे, अर्धा तास लागेल. लोक ऐकतात हो, कारण कळलं तर.

आणि ओळखायचं कसं? पटांगणात चुन्याने ५ बाय ५ मीटरचा चौकोन आखा आणि वरून कॅमेऱ्यात बघा. चौकोनात १०० डोकी म्हणजे मीटरला चार, तिथे खालून येणं थांबलं पाहिजे. १२५ झाली तर उशीर झालाय, बाहेरचे दरवाजे सगळे उघडा. कॅमेरा नसेल तर माणसांचे हात बघा. कोणी पदराने घाम पुसतंय, कोणी पोराला खांद्यावर घेतंय तोवर ठीक आहे. पोरं एकामागून एक डोक्यांवर उचलली जायला लागली, हात खाली अडकले आणि डोकी शेतातल्या पिकासारखी एका बाजूने डुलायला लागली की ती लाट आहे. मी ती एकदाच पाहिलीये, दहा-पंधरा सेकंदांची, पुढची रांग सुटली म्हणून निभावलं. त्या वेळी माझ्या शेजारच्या बाईंच्या हातातला नारळ सुटला होता आणि तो जमिनीवर पडलाच नाही, माणसांमध्येच अडकून राहिला.

संडासांचं थोडक्यात सांगतो, कारण तेही याच गणितात येतं. फिरती शौचालयं किती यावर वाद घालतात आणि ती ठेवतात मात्र उतरायच्या वाटेच्या तोंडाशी, तिथे जागा सपाट असते म्हणून. मग त्यांची रांग निम्मी वाट खाते. शिवाय टाक्या भरल्या की मैला उपसणारी गाडी त्याच गर्दीतून आणायची, नाहीतर दुपारनंतर ते संडास वापरायच्या लायकीचे राहत नाहीत. शौचालयं जिथे गाडीला मागून वेगळा रस्ता आहे तिथेच ठेवावीत, दोनशे पावलं लांब पडली तरी चालेल.

सगळ्यात अवघड आहे ते खात्यांचं. आरतीची वेळ ट्रस्टच्या हातात, पायऱ्या पोलिसांच्या, दुकानांच्या जागा ग्रामपंचायतीने दिलेल्या, आणि पायथ्याशी दर पाच मिनिटाला माणसं उतरवणारी एसटी आगारप्रमुखाच्या हातात. वर दर्शन बंद झालंय हे एसटीवाल्याला कोण सांगणार? इतिवृत्तात लिहिलेलं असतं, सर्व विभागांनी समन्वय ठेवावा. हे वाक्य मला कागदावर दिसलं की मी हात वर करतो. त्याऐवजी एक ओळ पाहिजे, चौकोनात १०० डोकी झाली की अमुक अधिकारी खालचा दोर लावेल, त्याला कोणाची परवानगी लागणार नाही, आणि त्याच वायरलेसवर एसटीला निरोप जाईल की बस अलीकडच्या थांब्यावर उभ्या करा. मागच्या खेपेला एका यात्रेत ही ओळ दोन बैठका भांडून घालून घेतली. पहाटेच्या आरतीला वरून निरोप आला, खालच्या हवालदाराने दोर लावला, आणि माईकवर सांगितलं की पंचवीस मिनिटं लागतील, चहा घ्या. लोकांनी सतरंज्या अंथरल्या. वर चौकोनात तेव्हा ९० डोकी होती.