ब्लूटूथ स्पीकरचा स्पीकरफोन म्हणून वापर

लहान बैठकीच्या खोलीत मोबाइलला किंवा लॅपटॉपला ब्लूटूथ स्पीकर जोडून, त्याच्याच माइकवरून सगळ्यांनी मिळून कॉलवर बोलण्याची पद्धत. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याच्या केबिनमध्ये कॉन्फरन्ससाठी वेगळे उपकरण नसले, की गाण्यांसाठी घेतलेला स्पीकरच टेबलावर येतो. दोघे-तिघे जवळ बसून एकेक करून बोलले तर काम नीट भागते. अडचण प्रतिध्वनीची आणि अनेक आवाजांची.

गाणी वाजताना ब्लूटूथचा ‘एटूडीपी’ हा मार्ग वापरात असतो. तो भरपूर ध्वनी नेतो, पण एकाच दिशेने. कॉलसाठी माइक सुरू झाला की जोडणी ‘एचएफपी’ या दुहेरी मार्गावर जाते आणि आवाज एकदम पातळ, जुन्या टेलिफोनसारखा होतो. हा बिघाड नव्हे. या मार्गावर ध्वनीचे सहसा सेकंदाला ८ हजार, किंवा दोन्ही उपकरणांना जमत असेल तर १६ हजार नमुने जातात; गाण्यांसाठी ते बहुधा ४४,१०० असतात. आवाज भरदार राहावा म्हणून काही जण स्पीकरवर ऐकतात आणि माइक लॅपटॉपचा ठेवतात. ही जोडी टाळावी. गाण्यांच्या मार्गावर आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे लॅपटॉपला आपला प्रतिध्वनी ओळखणे अवघड जाते. विंडोजच्या ध्वनी-यादीत `Hands-Free` असे नाव दिसत असेल, तर ऐकणे आणि बोलणे या दोन्हींसाठी तेच निवडावे.

प्रतिध्वनीची खोड अशी, की ज्या खोलीत तो तयार होतो तिथे तो ऐकू येत नाही. अंबडमधली १० बाय १२ फुटांची केबिन घ्या: खाली टाइल्स, एक बाजू काचेची, पडदे नाहीत. टेबलाभोवती सहा जण आहेत आणि पुण्याचे ग्राहक कॉलवर आहेत. ते म्हणतात, “माझाच आवाज मला परत ऐकू येतोय.” केबिनमधल्यांना सगळे स्वच्छ ऐकू येत असल्याने ते दोष पुण्याच्या नेटवर्कवर टाकतात. प्रत्यक्षात ग्राहकाचा आवाज स्पीकरमधून निघून काचेवर आणि टाइल्सवर आपटतो, त्याच स्पीकरच्या माइकमध्ये शिरतो आणि पुण्याला परत जातो. खात्री करणे सोपे आहे. ग्राहकाला आकडे मोजत राहायला सांगून केबिनचा माइक म्यूट करावा. प्रतिध्वनी तेवढ्यापुरता थांबला, तर तो याच केबिनमधला.

बऱ्याच स्पीकरमध्ये प्रतिध्वनी वजा करण्याची सोय असते. काय वाजवले जात आहे हे उपकरणाला ठाऊक असते. ते खोलीतून कसे परत येईल याचा सतत अंदाज घेऊन माइकच्या आवाजातून तेवढा भाग काढला जातो. आवाज पूर्ण मोठा केला, की लहान स्पीकरचा पडदा आवाज विकृत करतो आणि टेबलही थरथरू लागते. ही भर मूळ आवाजात नसते, म्हणून ती वजा होत नाही. त्यामुळे अंबडच्या केबिनमध्ये पहिला उपाय आवाज निम्म्यावर आणण्याचा, दुसरा स्पीकर काचेपासून दूर, घडी केलेल्या जाड कापडावर ठेवण्याचा. त्याच कॉलमध्ये खोलीतला दुसरा लॅपटॉप असेल तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत. फक्त माइक बंद करणे पुरत नाही, कारण त्या लॅपटॉपने वाजवलेला आवाज ब्लूटूथ स्पीकरचा माइक पकडतोच.

एवढे करूनही उरलेला प्रतिध्वनी दाबण्यासाठी अनेक स्पीकर समोरचा बोलत असताना इकडचा माइक जवळजवळ बंद करतात. म्हणून ग्राहक दर सांगत असताना कोणी मध्येच “थांबा, हा दर जुना आहे” म्हटले, तर त्यातले “थांबा” पुण्याला पोहोचतच नाही. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आकडे मोजून पाहिले की ही मर्यादा लगेच लक्षात येते.

अनेक आवाजांची मर्यादा अंतराशी बांधलेली आहे. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, पण भिंतींवरून परतणारा आवाज खोलीभर जवळपास सारखाच राहतो. अशा उघड्या भिंतींच्या केबिनमध्ये हातभर अंतरापलीकडे परतलेला आवाजच वरचढ ठरतो. त्यामुळे टेबलाच्या टोकाला बसलेल्याचे बोलणे विहिरीतून आल्यासारखे ऐकू येते. शिवाय खोलीत बसलेला माणूस दोन कानांमुळे आवाजाची दिशा ओळखून दोघांचे बोलणे वेगळे करू शकतो. एकाच माइकमधून जाताना ती दिशा हरवते. गोंगाट कमी करणारी यंत्रणाही बहुधा जवळचा, मोठा आवाज ठेवते आणि मागचा आवाज कंप्रेसरच्या घरघरीसारखाच दाबते.

सहा जणांच्या बैठकीत म्हणून बोलणाऱ्याने स्पीकर स्वतःपुढे ओढून घ्यावा, आधी नाव सांगावे आणि समोरच्याचे वाक्य संपू द्यावे. स्पीकर हलवल्यावर त्याला खोलीचा नवा अंदाज यायला क्षणभर लागतो. तेवढ्यात प्रतिध्वनी पुन्हा डोकावू शकतो. सगळ्यांनी मोकळेपणी एकमेकांत बोलायचे असेल, तर चहूबाजूंना माइक असलेला कॉन्फरन्स स्पीकरफोन केबलने जोडणे हाच मार्ग आहे.