सोडा वेगळा, पावडर वेगळी

बेळगावात, टिळकवाडीत, आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई घरीच बेकिंगचे वर्ग घेतात. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मी कुठल्यातरी वर्गात विद्यार्थिनी म्हणून नाव घातलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांचा स्वागताचा मेसेज आला.

"सर्वांचं मनापासून स्वागत! शनिवारी दुपारी 3 वाजता भेटू. पहिला केक बिनअंड्याचा, दह्याचा. येताना आणायचं : 7 इंची गोल टिन, बटर पेपर, मैद्याची चाळण, मापाचे चमचे, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. मैदा 200 ग्रॅम, पिठीसाखर 170 ग्रॅम, तेल अर्धा कप, व्हॅनिला. दही 250 ग्रॅम, घरचं, कालचं. खायचा सोडा आणि बेकिंग पावडर दोन्ही. पावडरचा डबा नवा हवा, घरातला उघडलेला नको."

पाचच मिनिटांत ग्रुपवर प्रश्न पडला, "मॅडम, दोन्ही कशाला? सोडा जरा जास्त घातला तर चालत नाही का?" बाईंनी हसरा चेहरा टाकून "वर्गात सांगते" म्हटलं. मी मात्र तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली बाई, मला कुठला दम निघतोय!

खडेबाजारातून आणलेल्या पुड्यावर कन्नडमध्ये 'अडुगे सोडा' लिहिलेलं असतं, आपण त्याला खायचा सोडा म्हणतो. कुठल्याही नावानं हाक मारा, आत एकच पदार्थ, सोडियम बायकार्बोनेट. तो आम्लाला भेटला की कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो. दह्यात लॅक्टिक आम्ल असतं, म्हणून यादीत दही आहे. केकमधलं दही चवीपुरतं नसतं, सोड्याची जोडी जमवायला असतं.

आता ही जोडी मापात बसते का ते पाहू. घरच्या दह्यात आम्लाचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असतं. कालच्या दह्याला आपण 0.9 टक्के धरू. म्हणजे 250 ग्रॅम दह्यात आम्ल झालं सव्वादोन ग्रॅम. 90 ग्रॅम लॅक्टिक आम्लाला 84 ग्रॅम सोडा पुरतो, हे त्यांच्या रेणुभारांवरून निघतं. त्या हिशेबानं सव्वादोन ग्रॅम आम्लाला सोडा लागतो 2.1 ग्रॅम. मापाचा लहान चमचा सपाट भरला तर त्यात जवळपास 5 ग्रॅम सोडा मावतो. म्हणजे आपल्याला हवा अर्धा चमचा, तोही किंचित कमीच. दह्याच्या केकच्या कृतींत कपभर दह्याला अर्धा चमचा सोडा सांगतात, तो आकडा असा रसायनाच्या वहीतूनही येतो. कुण्या सुगरणीनं हाताच्या अंदाजानं जे ठरवलं ते गणिताशी जुळलं, याचा मला अजूनही आनंद होतो.

चमचाभर सोडा घातला तर काय होतं, ते मी स्वतः करून बसलेय. गेल्या वर्षी नातवाच्या वाढदिवसाला, जास्त फुगेल या लोभानं. केक ओव्हनमध्ये टम्म फुगला आणि दहा मिनिटांत मधोमध खळगा पडला. रंग नको तितका तपकिरी, आणि जिभेवर साबणाची चव. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नजर लागली गे, मीठ-मिरची उतरून टाक." नजर नव्हती, जवळजवळ 3 ग्रॅम सोडा जास्त होता. त्याला भेटायला आम्लच उरलं नव्हतं. मग ओव्हनच्या उष्णतेनं तो आपला आपणच मोडला :

`2NaHCO3 → Na2CO3 + H2O + CO2`

या वाटेनं निम्माच वायू मिळतो आणि मागे उरतो सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. साबणाची चव त्याची. तपकिरी रंगही त्याच्यामुळेच, कारण अल्कलीत साखर आणि प्रथिनं यांची भाजणीची क्रिया वेगानं होते.

मी त्या केकचा एक तुकडा बशीत घेतला आणि त्यावर हळदीच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. पिवळा डाग बघता बघता लालसर झाला. पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली आणि साबण लावला की जे होतं, तेच. हळद अल्कलीत लाल होते. सोडा थोडासाच जास्त असेल तर मात्र ही परीक्षा काही सांगणार नाही, तिथे जीभच खरी.

पण मग खळगा का पडला? मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथेच आहे. सोड्याचा वायू नवे बुडबुडे जवळजवळ तयारच करत नाही. साखर, तेल, दही फेटताना आपण जी हवा आत कोंडतो, तिचे बारीक बुडबुडे आधीपासून पिठात असतात, आणि वायू त्यांच्यातच शिरून त्यांना फुगवतो. तिकडे तापमान वाढत असतं. मैद्यातलं पिष्ट पाणी पिऊन फुगतं, प्रथिनं घट्ट होतात आणि बुडबुड्यांच्या भिंती उभ्या राहतात. ही शर्यत आहे. भिंती पक्क्या होण्याआधीच वायू फार झाला तर बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, फुटतात आणि छत खाली येतं. केकचा मधला भाग सगळ्यात शेवटी शिजतो, म्हणून खळगा तिथेच.

उलट गडबडही होते. सोडा आणि दही भेटले की क्रिया तिथल्या तिथे सुरू होते, ओव्हनची वाट बघत नाही. पीठ कालवून तुम्ही फोनवर बोलत बसलात तर अर्धा वायू स्वयंपाकघरात गेला म्हणून समजा. म्हणूनच यादीत दुसरा डबा आहे. बेकिंग पावडर म्हणजे सोडा, त्याच्या मापाचं कोरडं आम्ल आणि दोघांना कोरडं ठेवणारं मक्याचं पिष्ट. दुहेरी क्रियेच्या पावडरीतल्या आम्लाचा काही भाग थंड पिठात जवळपास गप्प असतो आणि तापल्यावरच कामाला लागतो. दह्यातला सोडा पहिला धक्का देतो, पावडर शेवटचा, भिंती उभ्या राहत असताना. या केकला पावडर सव्वा चमचा पुरते.

(याच पावडरीला 'केमिकल' म्हणून नाक मुरडत 'केमिकल-फ्री केक' विकणारे आहेत. त्यांच्या दह्यात काय असतं, हे एकदा विचारायला हवं.)

डबा नवा का, हे बेळगावच्या जुलैत वेगळं सांगायला नको. मीठ जिथे पाझरतं तिथे पावडर कशी टिकेल? दमट हवा शिरली की आतला सोडा आणि आम्ल डब्यातच भेटतात, आणि तुमच्या केकसाठी उरतं मक्याचं पिष्ट. अर्ध्या वाटी गरम पाण्यात चमचाभर पावडर टाका. जोरात फसफसली तर चांगली, तळाशी नुसती बसली तर टाकून द्या. सोड्याची परीक्षा गरम पाण्यात करू नका, त्याला लिंबाचा रस हवा. त्याच्या पुड्यात आम्लच नसल्यानं तो असा मरत नाही, म्हणून जुना पुडा बहुतेक वेळा चालतो.

आता राहिलं 'कालचं' दही. ताज्या गोड दह्यात आम्ल कमी, म्हणजे तोच अर्धा चमचा सोडा जास्त ठरतो. मी गुरुवारी रात्री विरजण लावलं. बाहेर झड लागलेली, हवेत गारठा. शुक्रवारी सकाळी झाकण काढलं तर दही सैल आणि गोडच. पातेलं टॉवेलात गुंडाळून गॅसशेजारी ठेवलंय. शनिवारी तीन वाजेपर्यंत आंबलं तर ठीक, नाहीतर सोडा पाव चमचाच घालायला लागेल, आणि उरलेलं काम पावडरला द्यावं लागेल.